ते कुत्रं आता कुठे आहे?

मैत्रिणींनो, सकाळी साडेसातची वेळ धरूया. रापण ओढून झालीय, किनाऱ्यावर मासे निवडायला बायका बसल्यात, आणि टाकलेल्या मासळीभोवती आठदहा कुत्री घुटमळतायत. तुमचा सहा वर्षांचा नातू शाळेच्या वाटेवर तिथून जातो. त्याच्या हातात बिस्कीट असतं. एक कुत्रं झेप घेतं आणि त्याच्या हाताला, गालाला चावतं. पोरगं रडत घरी येतं. शेजारची आजी म्हणते, "जरासो चावलो हा, हळद लाव, बरा जातला."

या घडीला तुमच्या डोक्यात तीन प्रश्न यायला हवेत. जखम धुतली का? दवाखान्यात कुठे न्यायचं? आणि तिसरा, जो आपण बहुतेक वेळा विचारतच नाही: ते कुत्रं आता कुठे आहे? या लेखात हे तीन प्रश्न एकामागोमाग घेऊ. शेवटी आपल्या शेजारच्या गोव्यात काय झालं तेही पाहू, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अख्ख्या राज्यासाठी शोधलं.

आधी पंधरा मिनिटं, मग गाडी

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चावल्यावर तो जखमेत उतरतो आणि तिथल्या नसांमध्ये शिरतो. मग नसेनसेतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. हा प्रवास साधारण एक ते तीन महिन्यांचा, पण कधी आठवड्याभरात होतो तर कधी वर्षही लागतं. चेहरा, मान, डोकं किंवा हाताची बोटं चावली असतील तर तिथे नसा दाट असतात आणि मेंदू जवळ असतो. म्हणून गालावरचा लहानसा ओरखडासुद्धा पायावरच्या मोठ्या जखमेपेक्षा जास्त धोक्याचा ठरू शकतो.

विषाणू मेंदूत पोचला आणि लक्षणं दिसू लागली, की मग हातात काही उरत नाही. चावलेल्या जागी मुंग्या येतात, ताप येतो, पाणी गिळताना घसा आवळतो, वारा लागला तरी माणूस दचकतो. त्यानंतर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणजे आपल्याला जे काय करायचं ते विषाणू नसेत शिरण्याआधी आणि मेंदूत पोचण्याआधी करायचं आहे. सुरुवात नळाखाली होते.

जखमेवर वाहतं पाणी सोडा आणि साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ बघून धुवा, कारण अंदाजाने धुतलं तर आपण दोन मिनिटांत थांबतो. नळ नसेल तर कळशीने पाणी ओतत राहा. कुठलाही साधा साबण चालेल, कपड्याचासुद्धा. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते विरघळवतो. त्यामुळे हे धुणं म्हणजे जखम स्वच्छ दिसावी म्हणून केलेली गोष्ट नाही, तो पहिला उपचार आहे. दात खोल गेला असेल तर त्या भोकातही पाण्याची धार जाऊ द्या. नंतर घरात पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा.

हळद, मिरची, चुना, तेल, चहाची भुकटी, पाल्याचा रस यातलं काहीही लावू नका. त्यांनी जखम चिडते, विषाणू आणखी आत ढकलला जातो, आणि दवाखान्यात जखम पुन्हा नीट धुणं अवघड होतं. पट्टी घट्ट बांधू नका. आणि डॉक्टर लगेच टाके घालत नाहीत म्हणून रागावू नका. जखमेत आधी सीरम द्यावं लागतं, टाके अगदी गरज असेल तरच आणि त्यानंतर.

चावून दोन दिवस गेले आणि आपण धुतलंच नाही, असं झालं तरी आताही धुवा आणि जा. उशीर झाला म्हणून घरी बसायचं नाही. लक्षणं नसतील तोवर उपचार सुरू करता येतात.

लस आणि सीरम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

आपल्या पिढीतल्या अनेकींना पोटात चौदा इंजेक्शनं दिलेली माणसं आठवतात. त्या भीतीने अजूनही काहीजणी दवाखाना टाळतात. ती जुनी लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता लस दंडावर देतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

जखमेचे तीन प्रकार डॉक्टर बघतात. कुत्र्याला नुसता हात लावला, किंवा कुत्र्याने धडक, न फाटलेल्या कातडीला चाटलं, तर धुणं पुरे. कातडीवर दात किंवा नख लागून ओरखडा उठला पण रक्त आलं नाही, तर धुणं आणि लस. रक्त आलं, दात आत गेला, किंवा कुत्र्याने उघड्या जखमेला, ओठाला, डोळ्याला चाटलं, तर धुणं, लस आणि सीरम, तिन्ही लागतात.

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. लस दिली म्हणजे झालं असं समजून लोक घरी येतात. पण लस म्हणजे शरीराला शिकवणं. ते शिकून लढणारी द्रव्यं तयार करायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. खोल जखमेतला विषाणू तेवढं थांबत नाही. मधल्या काळात राखण करायला तयार द्रव्यं बाहेरून द्यावी लागतात, ती म्हणजे रेबीजचं सीरम. ते दंडात नाही, जखमेच्या आत आणि भोवताली टोचतात. दुखतं, पोर रडतं, पण विषाणू जिथे आहे तिथेच ते पोचायला हवं.

सीरम वजनावर ठरतं. घोड्यापासून बनवलेलं सीरम किलोला 40 युनिट देतात. आपला नातू 15 किलोचा असेल तर 15 गुणिले 40, म्हणजे 600 युनिट. एका मिलिलीटरमध्ये 300 युनिट असतील तर ते होतं फक्त 2 मिली. त्याला तर गालावर आणि हातावर चारपाच जखमा आहेत. तेवढं औषध पुरणार नाही म्हणून डॉक्टर त्यात सलाइनचं पाणी मिसळून ते वाढवतात आणि प्रत्येक जखमेला देतात. एकही जखम सुटता कामा नये. म्हणून दवाखान्यात नेण्याआधी पोराचे कपडे काढून अंग नीट बघा. केसांत, कानामागे, मांडीवर एखादा दात लागलेला असतो आणि गडबडीत दिसत नाही. माणसाच्या रक्तापासून बनवलेलं सीरमही असतं, ते किलोला 20 युनिट देतात.

सीरम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतंच असं नाही. लस बहुतेक ठिकाणी मिळते, सीरमसाठी ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागू शकतं. म्हणून आशाताईंना विचारून आजच माहीत करून घ्या की तुमच्या गावाला सगळ्यात जवळचं सीरम कुठे आहे. चावल्यावर शोधाशोध नको. आणि पहिल्या दिवशी सीरम मिळालंच नाही तर लस सुरू करून ठेवा. लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत सीरम देता येतं. त्यानंतर नाही, कारण तोवर शरीर स्वतः तयारी करू लागलेलं असतं.

तारखा भिंतीवर लिहा

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात, दोन्ही दंडांवर एकेक टोचा. अगदी थोडी, एका जागी 0.1 मिली. नीट टोचलं गेलं तर कातडीवर मुगाच्या दाण्याएवढा फुगा येतो. फुगा आलाच नाही तर लस खाली गेली असं समजतात आणि तो टोचा पुन्हा देतात. हे तुम्हालाही डोळ्यांनी दिसतं, म्हणून लक्ष ठेवा.

पहिला डोस ज्या दिवशी, तो शून्यावा दिवस. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. समजा नातवाला 3 मार्चला पहिला डोस मिळाला. तर पुढच्या तारखा 6 मार्च, 10 मार्च आणि 31 मार्च. प्रत्येक तारीख पहिल्या डोसपासून मोजायची, मागच्या डोसपासून नाही. बायका इथेच चुकतात: 10 तारखेपासून अठ्ठावीस मोजतात आणि शेवटचा डोस पुढे जातो. खासगी दवाखान्यात लस दंडाच्या स्नायूत देत असतील तर डोस पाच असतात: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. लहान मुलांना ती मांडीत देतात. कधीही कमरेत, कुल्ल्यावर घ्यायची नाही, तिथल्या चरबीत ती नीट काम करत नाही.

तिसऱ्या डोसनंतर जखम भरलेली असते, पोर खेळत असतं, आणि शेवटचा डोस राहून जातो. एखादी तारीख चुकलीच तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नसते, लगेच जाऊन राहिलेला डोस घ्यायचा आणि पुढचे पूर्ण करायचे.

पोटात बाळ असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस आणि सीरम देता येतं. हे आवर्जून लिहितोय, कारण "पोटुशी आहे, इंजेक्शन नको" म्हणून सासू थांबवते आणि तिथेच जीव धोक्यात येतो. लशीच्या काळात मासे, मटण, आंबट बंद करायचीही गरज नाही.

दवाखान्यातून मिळालेलं कार्ड जपून ठेवा. पुढे कधी पुन्हा कुत्रं चावलं आणि आधीचे सगळे डोस पूर्ण झालेले असतील, तर शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच वेळा डोस लागतात आणि सीरम लागत नाही. पण कार्ड दाखवता आलं तरच.

आता तो तिसरा प्रश्न

नातू दवाखान्यात आहे. ते कुत्रं कुठे आहे?

बहुतेक वाड्यांमध्ये दोनच गोष्टी होतात. एकतर कोणी विचारत नाही, नाहीतर चारजण काठ्या घेऊन त्याला मारतात. दोन्हीत आपलं नुकसान आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याच्या मरणाच्या आधीच्या साधारण दहा दिवसांत. म्हणजे चावल्यावर दहा दिवस ते कुत्रं धडधाकट, खातंपितं राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं पक्कं कळतं. मग पुढचे डोस किती घ्यायचे ते डॉक्टर ठरवू शकतात. कुत्रं मारून टाकलं तर ही खात्री करण्याचा साधा मार्ग बंद झाला.

पण लक्षात ठेवा, दहा दिवस वाट बघायची ती उपचार सुरू करून. "कुत्रं बघूया, मेलं तर जाऊ" असं कधी करायचं नाही. आणि हा दहा दिवसांचा नियम फक्त कुत्रा आणि मांजरासाठी आहे. माकड, कोल्हा, मुंगूस किंवा दुसऱ्या रानटी जनावराने चावलं तर वाट बघणं नाहीच, सरळ उपचार.

कुत्रं घरचं असेल तर मालकाने त्याला बांधून ठेवायचं. वाडीचं असेल तर त्याला रोज भाकरी घालणारी कोणीतरी असते, तिने लांबून लक्ष ठेवायचं आणि रोज संध्याकाळी आशाताईंना किंवा पशुसखीला सांगायचं. काय बघायचं? आवाज बदलला, घोगरा झाला. ओळखीच्या माणसावर गुरगुरतं. दगड, लाकूड, माती चावतं. दिशाहीन पळत सुटतं. लाळ गळते. हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण दुसरा एक प्रकार शांत असतो आणि तो फसवतो. कुत्रं अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं, खालचा जबडा लोंबतो, मागचे पाय ओढत चालतं. दया येऊन आपण पाणी पाजायला जातो, तोंडात काही अडकलंय का बघतो, आणि हाताला लाळ लागते. तसं काही दिसलं तर हात लावायचा नाही, पोरांना लांब ठेवायचं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवायचं.

एक समज अगदी काढून टाका. कुत्रं पाणी पितंय म्हणजे ते पिसाळलेलं नाही, असं नसतं. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. पिसाळलेलं कुत्रं डबक्यात तोंड घालताना दिसू शकतं.

गोठ्यातली तीच गोष्ट

आपल्यातल्या किती जणींनी गटाच्या कर्जातून म्हैस घेतलीय. त्यांच्यासाठी हे वेगळं सांगायला हवं. पिसाळलेलं कुत्रं माणसाला चावतं तसं चरायला गेलेल्या गुरालाही चावतं, आणि कित्येकदा आपल्याला ते कळतही नाही. काही आठवड्यांनी म्हैस खाणं सोडते, तोंडातून लाळ गळते, घोगरं हंबरते, गिळता येत नाही. आपल्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलं, नारळाची किशी किंवा प्लास्टिक. घरचा माणूस कोपरापर्यंत हात तोंडात घालून चाचपतो. दाताने हात खरचटलेला असतोच. गुरांच्या रेबीजमध्ये माणसाला होणारी लागण अशीच होते, चावण्याने नाही.

म्हणून ज्या गुराला गिळता येत नाही त्याच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही. पशुवैद्यकांना बोलवायचं. हात गेलाच असेल तर पंधरा मिनिटं साबणाने धुवून लशीसाठी जायचं. अशा जनावराचं दूध काढायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. आधी दूध उकळून घेतलं असेल तर घाबरू नका, उकळल्यावर विषाणू टिकत नाही. कच्चं प्यालं असेल तर दवाखान्यात सांगा.

गुराला कुत्रं चावताना तुम्ही पाहिलंत, तर तिथेही तोच उपाय: जखम साबणाने धुवा, पण हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून. मग लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जनावराला चावल्यानंतरही लशीचे डोस सुरू करता येतात, लक्षणं दिसल्यावर मात्र नाही.

आता बघा, एकाच कुत्र्याने पोराला चावलं आणि म्हशीलाही. पोराची नोंद आरोग्य केंद्रात, म्हशीची पशुवैद्यकीय दवाखान्यात, कुत्र्याची कुठेच नाही. दोन दवाखाने एकमेकांना सांगत नाहीत, मग तिसऱ्या वाडीत तेच कुत्रं फिरतंय हे कोणाला कळणार? माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र बघायला हवं, याला सरकारी कागदांत 'वन हेल्थ' म्हणजे 'एक आरोग्य' म्हणतात. आपल्या गावात त्याचा अर्थ साधा आहे: आशाताई आणि पशुसखी यांनी एकमेकींना त्याच दिवशी फोन करायचा.

तेरेखोलपलीकडे काय झालं

आपल्या जिल्ह्याला लागून असलेलं गोवा. बांदा, दोडामार्ग, सातार्डा इथून रोज आपली माणसं कामाला, दवाखान्याला तिकडे जातात. त्या राज्यात 2013 पासून रेबीज निर्मूलनाचं काम हळूहळू उभं राहिलं. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी ते केलं. त्यांनी हिशेब असा मांडला, की माणसांना कितीही लस दिली तरी कुत्र्यांमधला रेबीज तसाच राहतो. म्हणून मुळावर जायचं, कुत्र्यांना लस द्यायची. दरवर्षी, आणि शंभरातल्या किमान सत्तरांना.

सत्तरच का? एक पिसाळलेलं कुत्रं मरण्याआधी साधारण एकदोन कुत्र्यांना रेबीज देतं. आजूबाजूच्या दहातल्या सातांना लस असेल तर त्याचा चावा बहुतेक वेळा वाया जातो आणि साखळी तुटते. साठपन्नासवर आलं की साखळी कुठूनतरी पुढे सरकते.

तिथली माणसं जाळी घेऊन वाडीवाडीत फिरली. मोकाट कुत्रं जाळ्यात धरायचं, लस टोचायची, डोक्यावर रंगाची खूण करायची आणि तिथेच सोडायचं. मोबाइलवर नकाशा होता, त्यात प्रत्येक पथकाला त्या दिवशीचा नेमका भाग आखून दिलेला. लस दिल्यानंतर दुसरी माणसं त्याच रस्त्यांवरून फिरायची आणि रंगाची व बिनरंगाची कुत्री मोजायची. कमी भरलं तर पथक परत त्याच भागात. शिवाय पिसाळलेल्या कुत्र्याची खबर देण्यासाठी फोन क्रमांक होता, आणि शाळांमधून वर्षाला सुमारे दीड लाख मुलांना कुत्र्यापासून कसं जपायचं, चावल्यावर काय करायचं ते शिकवलं गेलं.

पुढे वर्षाला 95,000 हून जास्त कुत्र्यांना लस मिळू लागली. 2019 पर्यंत कुत्र्यांमधल्या रेबीजच्या महिन्याच्या घटना 92 टक्क्यांनी घटल्या. 2018 आणि 2019 मध्ये माणसाचा रेबीजने मृत्यू झाल्याची नोंद तिथे राहिली नाही. 2021 मध्ये गोवा हे रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्र्यांमधला रेबीज मात्र तिथेही शून्यावर आला नव्हता, आणि कुत्र्याला राज्याची हद्द कळत नाही. आपल्या बाजूची कुत्री बिनलशीची राहिली तर दोन्हीकडच्या लोकांना धोका राहतो.

आपल्या गावाचा हिशेब

समजा आपल्या ग्रामपंचायतीत चार वाड्या आहेत आणि प्रत्येकीत 50 कुत्री, एकूण 200. लसीकरणाच्या दिवशी पहिल्या दोन वाड्यांत 45-45, तिसरीत 42 आणि समुद्राकाठच्या चौथ्या वाडीत 8 कुत्र्यांना लस मिळाली. एकूण 140, म्हणजे बरोबर सत्तर टक्के. अहवाल छान होतो. पण चौथ्या वाडीत शंभराला सोळाच पडतात, आणि नेमक्या तिथेच मासळीमुळे कुत्र्यांची सगळ्यात जास्त गर्दी. रेबीज तिथेच टिकून राहणार. म्हणून हिशेब गावाचा नाही, वाडीवाडीचा करायचा.

मोजायची रीत आपल्याला सहज जमते. लस दिलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंग लावायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी जणींनी वाडीतून एक फेरी मारायची आणि वहीत रेघा ओढायच्या, रंगाचं एका बाजूला, बिनरंगाचं दुसऱ्या. 30 कुत्री दिसली आणि त्यात 21 रंगाची, तर सत्तर टक्के. 12 असतील तर पथकाला त्याच आठवड्यात परत बोलवायचं. फेरी दुसऱ्याच दिवशी हवी, नंतर रंग जातो.

आणि हे दरवर्षी करावं लागतं. 100 कुत्र्यांत 70 ना लस आहे. वर्षभरात समजा 30 कुत्री मेली, गाडीखाली, आजाराने. त्यातली साधारण 21 लशीची असणार. त्यांच्या जागी 30 पिल्लं आली, सगळी बिनलशीची. आता 100 मध्ये लशीची उरली 49. मागच्या वर्षी केलंय म्हणून यंदा सोडलं, की आपण पुन्हा मागे. कुत्री मारून किंवा गाडीत घालून लांब सोडून हेच होतं, लशीची कुत्री जातात आणि मोकळ्या जागेत, मासळीच्या वासावर बाहेरची बिनलशीची येतात. म्हणूनच 2023 च्या नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जिथून धरलं तिथेच सोडायचं असतं. माशांची घाण किनाऱ्यावर न टाकता खड्ड्यात पुरली किंवा खतात घातली तर मात्र गर्दी आपोआप कमी होते.

मोकाट कुत्री धरणं हे आपलं काम नाही, ते शिकलेल्या माणसांचं आहे, आणि त्यांनीही आधीच स्वतः लस घेतलेली असावी. आपलं काम दुसरं आहे. वाडीच्या कुत्र्याला भाकरी घालणारी बाई हाक मारते तेव्हा ते शेपूट हलवत येतं, पथकाच्या माणसाला बघून मात्र पळतं. लसीकरणाच्या दिवशी तिने सकाळी घरी थांबून त्याला दोरीने बांधून ठेवलं, तर अर्धं काम झालं. लशीची पेटी बर्फाची आहे ना, तेही बघा. ही लस दोन ते आठ अंश थंडाव्यात ठेवावी लागते. वीज जाऊन ती तापली, किंवा बर्फाला चिकटून गोठली, तर टोचूनही उपयोग नाही. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, मग दरवर्षी, आणि कार्ड पोत्याच्या दप्तरात न टाकता राशनकार्डाबरोबर ठेवा.

28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यांत मोफत लसीकरण होतं. त्याआधीच्या ग्रामसंघाच्या बैठकीत ठरावाच्या वहीत चार ओळी लिहून घेऊया. आपल्या वाडीत कुत्री किती, मोजून. त्यातल्या कितींना या वर्षी लस झाली. जवळचं सीरम कुठे मिळतं, रुग्णालयाचं नाव आणि फोन. आणि आशाताई व पशुसखी यांचे क्रमांक एकाखाली एक. ग्रामपंचायतीकडे लसीकरणाची मागणी करायला जाताना ही वही हातात असू द्या. "कुत्री फार झाली" म्हटल्यावर कोणी काही करत नाही. "चौथ्या वाडीत 50 कुत्री आहेत, लस 8 ना झालीय" म्हटल्यावर उत्तर द्यावंच लागतं.